बयाणा आणि बोली सुरक्षा: नावं दोन, पैसे एकदाच

मराठीत भाषांतर केलेल्या टेंडरमधे एका पानावर 'बयाणा रक्कम' असते, पुढे कुठेतरी 'बोली सुरक्षा', आणि आणखी पुढे 'सुरक्षा अनामत'. छोटा कॉन्ट्रॅक्टर विचारतो, तीन वेळा पैसे भरायचे का? नाही. पहिली दोन एकच आहेत, बोली लावताना भरायची, तिसरी मात्र खरंच वेगळी, करार झाल्यावरची.

बयाणा हा मुळात खरेदी-विक्रीतला. सौदा पुढे गेला तर तो किमतीत धरायचा आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर बुडायचा, सुप्रीम कोर्टाने 1969 मधे हनुमान कॉटन मिल्सच्या केसमधे हेच सांगितलं. त्याच वर्षी मौला बक्षची केस आली, हा माणूस लष्कराला बटाटे पुरवायचा आणि करार नीट पार पाडीन म्हणून त्याने 10,000 रुपये अनामत ठेवले होते. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने करार रद्द करून पैसे जप्त केले, पण कोर्ट म्हणालं हा बयाणा नाही, नुकसान मोजता येण्यासारखं होतं तर ते सिद्ध करा. म्हणजे करारानंतरची अनामत आणि आधीचा बयाणा हा फरक तेव्हापासून नीट रुळला.

आता दोन नावं कुठून आली? केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, 2017 च्या नियम 170 मधे, 'बिड सिक्युरिटी, जिला अर्नेस्ट मनी असंही म्हणतात' अशा अर्थाचं वाक्य आहे. टेंडर बनवणारे जुन्या-नव्या नमुन्यांचे तुकडे जोडतात, भाषांतर करणारा प्रत्येक नावाला वेगळा शब्द देतो, झालं. तरी दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसले तर गप्प बसू नका, प्री-बिड मीटिंगमधे लेखी विचारा.

समजा काम 20 लाखांचं. त्या नियमात 2 ते 5 टक्के आहे, 2 टक्के धरले तर 40,000. बोली 90 दिवस वैध असेल तर बँक गॅरंटी साधारण त्यापुढे 45 दिवस, म्हणजे 135 दिवसांची लागते, आणि इथेच बरेचजण 90 चीच आणतात आणि बोली बाद होते. साठाव्या दिवशी माघार घेतली तर 40,000 गेले. काम दुसऱ्याला मिळालं तर कंत्राट दिल्यापासून 30 दिवसांच्या आत परत मिळायला हवेत (कागदावर तरी). काम तुम्हाला मिळालं तर सुरक्षा अनामत भरल्यावर बयाणा मोकळा होतो, काही ठिकाणी तो त्यातच वळवतात.

काही टेंडरमधे पैशांऐवजी घोषणापत्र मागितलेलं दिसतं. कोविडमधे 12 नोव्हेंबर 2020 च्या केंद्राच्या आदेशाने बयाणा बंद करून हे घोषणापत्र आणलं होतं, ते 2021 अखेरपर्यंत, त्यामुळे नमुन्यात जुनं वाक्य राहिलंय का ते बघा. आणि उद्यम सर्टिफिकेटवर बयाण्याची माफी मिळते असं ऐकून निघू नका, छोट्या उद्योगांसाठीचं केंद्राचं ते धोरण माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कामाला धरत नाहीत.