रक्त चार महिन्यांत बदलतं, हाडं बदलत नाहीत

पुण्यातल्या सणस मैदानावर सकाळी सहाला ८०० मीटरवाल्या मुलींचा सराव सुरू असतो. शरीरक्रियाशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय, म्हणून मी त्यांच्या वेळा आणि नाडीचे ठोके टिपायला जातो. मागच्या महिन्यात धावून झाल्यावर पाय मोकळे करता करता एकीने विचारलं, “सर, ट्रान्स मुलीने औषधं घेऊन टेस्टोस्टेरॉन खाली आणलं, की ती आमच्यासारखीच होते ना? मग तिला आमच्यात का धावू देत नाहीत?” शेजारची लगेच म्हणाली, “अगं, पण उंची कुठे जाते?” दोघींचंही म्हणणं अर्धं अर्धं बरोबर होतं. त्या अर्ध्या-अर्ध्याची नीट उकल करावी म्हणून हा लेख.

आधी फरक किती आहे ते पाहू. ८०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा आहे आणि स्त्रियांचा १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा. म्हणजे साधारण १२ टक्क्यांचं अंतर. वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या धावण्यात फार फरक नसतो. पुढे मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं आणि अंतर पडत जातं. स्त्रियांचा वेगळा गट आहे तो याच अंतरामुळे. तो नसता तर अंतिम फेरीच्या आठ लेनमध्ये एकही स्त्री दिसली नसती.

आता समजा, पुरुष म्हणून वयात आलेली एक धावपटू पंचविशीत ट्रान्स स्त्री म्हणून उपचार सुरू करते. टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं आणि इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर सगळ्यात आधी बदलतं ते रक्त. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला जास्त तांबड्या पेशी बनवायला लावत असतं. तो रेटा थांबला की नव्या पेशी कमी बनतात आणि जुन्या साधारण १२० दिवसांत संपतात. त्यामुळे तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन स्त्रियांच्या नेहमीच्या पातळीवर येतं. ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत, छाती फुटेल असं वाटत असताना, स्नायूंपर्यंत किती प्राणवायू पोचतो यावर बरंच काही ठरतं. तिथे या धावपटूचं नुकसान खरं असतं आणि ते लवकर होतं.

स्नायूंची गोष्ट वेगळी आहे. वर्षभराच्या उपचारानंतर स्नायूंचं वस्तुमान कमी होतं, पण उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तर ही घट साधारण ५ टक्क्यांच्या आसपास दिसते. ताकदही हळूहळू उतरते आणि तीन वर्षांनंतरही सरासरी स्त्रियांपेक्षा वरच राहते. हाडांचं तर विचारूच नका. वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की उंची, हातापायांची लांबी, पंजाचा आकार यांत औषधाने काही फरक पडत नाही.

म्हणजे एकाच शरीरात तीन घड्याळं तीन वेगांनी चालतात. यातूनच एक गुंता तयार होतो. मोठ्या सांगाड्याची गाडी तीच राहिली आणि ओढणारे बैल मात्र दमले, तर गाडी जड होते. लांब पल्ल्यात हा तोटाही ठरू शकतो. भारोत्तोलनात किंवा रग्बीच्या धडकेत मात्र तोच सांगाडा आणि उरलेली ताकद कामी येते. वर्षभर टेस्टोस्टेरॉन अमुक पातळीखाली ठेवा, असा एकच नियम सगळ्या खेळांना लावणं मला म्हणूनच कधी पटलं नाही.

मोजमाप काय सांगतं? अमेरिकी हवाई दलाच्या तंदुरुस्ती चाचण्यांच्या जुन्या नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४६ ट्रान्स स्त्रिया होत्या. उपचारांआधी त्या बाकीच्या स्त्रियांपेक्षा एका मिनिटात ३१ टक्के जास्त पुश-अप काढत आणि दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर, २१ टक्के जास्त वेगाने धावत. दोन वर्षांनी पुश-अपमधला फरक मिटला. धावण्यातला मात्र १२ टक्क्यांवर येऊन थांबला. मैदानावर त्या दोघींना मी हेच आकडे सांगितले तेव्हा दोघीही गप्प झाल्या, कारण प्रत्येकीच्या बाजूने एक आकडा होता.

या अभ्यासाच्या मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. ते सैनिक होते, स्पर्धेचे खेळाडू नव्हते, आणि उपचारांच्या काळात कोणी किती सराव केला ते माहीत नाही. दुसरीकडे जोआना हार्पर या संशोधिकेने २०१५ साली आठ ट्रान्स धावपटूंच्या शर्यतींच्या वेळा मांडल्या. हार्पर स्वतः ट्रान्स स्त्री आणि लांब पल्ल्याच्या धावपटू. वयानुसार तुलना केली तर या धावपटू आधी पुरुषांत जितक्या पुढे होत्या, साधारण तितक्याच नंतर स्त्रियांत पुढे राहिल्या. पण माणसं फक्त आठ, आणि वेळा त्यांनी स्वतः सांगितलेल्या. हवाई दलाच्या आकड्यांशी हे जुळत नाही. ज्यांना एका बाजूला जायची घाई असते ते यांतला एकच अभ्यास दाखवतात.

मर्यादा घालणाऱ्यांचं म्हणणं असं: वेगळा गट बनलाच आहे मुलांना वयात येताना मिळणाऱ्या फायद्यामुळे, आणि तो फायदा पूर्ण जातो असं कोणी दाखवलेलं नाही. अंतिम फेरीतली एक जागा गेली तर ती कुठल्या तरी मुलीची जाते. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत दुखापतीचा प्रश्नही येतो. याच विचाराने जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून वगळलं.

सामावून घ्या म्हणणारे विचारतात की पुरावा इतका अपुरा असताना बंदीचं ओझं एकाच बाजूवर का? त्या निर्णयाच्या वेळी आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्समध्ये एकही ट्रान्स खेळाडू नव्हती, हे संघटनेनेच सांगितलं होतं. प्रत्येक खेळाडूच्या अंगात काही ना काही जन्मजात फायदा असतोच, मग याच एका फायद्यावर बोट का? याला पहिल्या बाजूचं उत्तर असं की उंचीचे गट आपण करत नाही, लिंगाचे करतो, म्हणून हाच फायदा मोजावा लागतो. मला हे उत्तर वजनदार वाटतं.

पण सामावून घ्या म्हणणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो आपल्याकडे फार जवळून लागू होतो. दार राखायला पहारा बसवला की तपासणी सगळ्याच मुलींची होते. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनने ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. २०१४ मध्ये द्युती चंदला नैसर्गिकरीत्या जास्त टेस्टोस्टेरॉन असल्याच्या कारणावरून राष्ट्रकुल स्पर्धेपासून दूर ठेवलं, आणि पुढच्या वर्षी क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. या दोघी ट्रान्स नाहीत. जन्मापासून मुली म्हणून वाढलेल्या, मुली म्हणून धावलेल्या. तरी त्यांच्या अंगाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. नियम कुठलाही करा, तो राबवताना कोणाच्या रक्ताची नळी भरली जाणार आणि तो अहवाल कोणाच्या हातात पडणार, हे आधी ठरलेलं असायला हवं.

मला अजून हवा आहे तो अभ्यास साधा आहे: सराव करणारे खेळाडू, उपचारांआधी आणि नंतर तीन-चार वर्षं, दर सहा महिन्यांनी तीच धाव, तीच उडी, तेच रक्त. खेळाडूंवरच्या काही अभ्यासांनी एकदाच मोजून दोन गटांची तुलना केली आहे. अशा एका अभ्यासात ट्रान्स स्त्रिया मुठीच्या ताकदीत वर आणि वजनाच्या हिशेबात प्राणवायू वापरण्यात खाली, असंही निघालं आहे. माणसं मात्र वीस-पंचवीसच.

त्या मुलींपैकी धाकटीने निघताना विचारलं, “सर, आमच्या जिल्हा स्पर्धेला पण हाच नियम लागणार का?” मी म्हटलं, बाळा, ऑलिंपिकची अंतिम फेरी आणि आठवीतल्या मुलींची शालेय शर्यत यांना एकच नियम असावा असं मला वाटत नाही. पहिल्या ठिकाणी टक्क्याच्या दहाव्या भागावर पदक ठरतं, दुसऱ्या ठिकाणी मूल मैदानावर येतं की नाही हे ठरतं. मग तिने स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि दोघी पुढच्या चारशेसाठी रेषेवर गेल्या.