दलिया (शिजवण्याची पद्धत)

भरडलेल्या गव्हाच्या कण्यांना दलिया म्हणतात. मराठी घरांत आणि किराणा दुकानांत लापशी रवा, गव्हाचा जाड रवा ही नावेही चालतात. गुजरातेत याला घऊंना फाडा म्हणतात. तिथल्या दुकानात नुसता ‘दाळिया’ मागितला, तर फुटाण्याची डाळ हातात पडण्याची शक्यता अधिक. दलियात कोंडा आणि अंकुराचा भाग राहतो, त्यामुळे तो उपम्याच्या रव्यापेक्षा जाड, तपकिरी आणि शिजायला चिवट असतो. बल्गर दिसायला सारखाच, पण तो गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो. तो गरम पाण्यात नुसता भिजवला तरी मऊ होतो. दलियाचे तसे होत नाही. तो कच्चाच असतो आणि त्याला शिजवावेच लागते.

दलियापासून दोन टोकांचे पदार्थ होतात. उपमा किंवा पुलावात दाणा मोकळा हवा, तर खीर आणि पेज एकजीव, दाट हवी. हा फरक मुख्यतः भाजणे आणि पाणी या दोन गोष्टींवर ठरतो. दाणा भरडला की आतला पिठूळ भाग उघडा पडतो. गरम पाण्यात त्यातला स्टार्च फुगतो, थोडा बाहेर येतो आणि पाण्याला चिकटपणा आणतो. कोरडे भाजल्यावर दाण्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च काही प्रमाणात तुटतो. मग तो पूर्वीइतका फुगत नाही आणि पाणी घट्ट करण्याची त्याची ताकद कमी होते. तूप घातले असेल तर दाण्यावर त्याचा पातळ थर बसतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून उपम्यासाठी दलिया चांगला तांबूस होईपर्यंत भाजावा, आणि दाटपणा हवा असलेल्या दुधाच्या खिरीसाठी वास सुटेपर्यंतच. खिरीसाठीही खूप भाजला तर दाणे तळाशी आणि पातळ दूध वर, अशी वेगळी वेगळी खीर होते.

भाजण्याआधी दलिया पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावा. भरडताना पडलेले बारीक पीठ त्यात असतेच, आणि उपमा लगदा होण्याचे ते एक मोठे कारण आहे. शिवाय हे पीठ कढईत दाण्यांच्या आधी करपते. खाली पडलेले पीठ कणकेत घालता येते. दलिया धुतला तर पूर्ण निथळावा. ओला दाणा कढईत भाजण्याऐवजी आधी वाफवला जातो आणि वेळ वाढतो.

मोकळ्या उपम्याचे प्रमाण असे. मध्यम दलिया १ वाटी (सुमारे १५० मिली मापाची, म्हणजे साधारण १०० ते ११० ग्रॅम), तूप किंवा तेल २ चमचे. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर ६ ते ८ मिनिटे सतत परतावे. सुरुवातीला दाणे झाऱ्याला जड लागतात. भाजत आले की हलके होऊन कढईत खुळखुळतात, आणि रंग बदलण्याआधी खमंग वास येतो. मोठ्या आचेवर कोंडा आधी काळवंडतो आणि आतला भाग कच्चा राहतो. तो कडसरपणा मग मसाल्याने झाकत नाही. भाजलेला दलिया ताटलीत काढावा, कारण गरम कढईत तो आच बंद केल्यावरही भाजत राहतो.

त्याच कढईत मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कांद्याची फोडणी करावी. गाजर, मटार, फरसबी घालून २ ते ३ मिनिटे परतावे. मग सव्वादोन वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालून, पाणी पुन्हा खळखळल्यावर दलिया सोडावा. पाणी उकळतेच हवे. कोमट पाण्यात दाणा बराच वेळ नुसता भिजत राहतो, बाहेरून गिळगिळीत होतो आणि मध्ये टणक राहतो. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे शिजवावे आणि या काळात फार ढवळू नये. ढवळले की दाण्यांवरचा स्टार्च सुटतो. पाणी आटल्यावर आच बंद करून झाकण न काढता ५ ते ७ मिनिटे मुरू द्यावे, मग काट्याने मोकळे करावे. टोमॅटो किंवा दुधी असेल तर पाणी पाव वाटीने कमी घ्यावे, कारण त्या भाज्या आपले पाणी सोडतात.

दाणा झाला की नाही, हे घड्याळावरून ठरवू नये. एक दाणा बोटांत दाबावा. मध्ये पांढरा टणक ठिपका लागला, तर पाव वाटी उकळते पाणी शिंपडून आणखी ४ ते ५ मिनिटे झाकावे. जाड दलियाला पाणी अडीच वाट्यांपर्यंत आणि वेळ २० मिनिटांपर्यंत लागतो. बारीक दलिया १० मिनिटांत होतो आणि त्याला दोन वाट्या पुरतात. माप वाढवताना पाणी सरळ पटीत वाढवू नये. चार वाट्या दलियाला नऊऐवजी आठ वाट्या पाणी बहुधा पुरते, कारण मोठ्या भांड्यात वाफेने उडणारे पाणी दलियाच्या मानाने कमी असते.

गोड लापशीत दलिया तुपावर भाजून त्यात ३ वाट्या उकळते पाणी घालतात आणि दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच पाऊण वाटी चिरलेला गूळ. इथे चुकण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे गूळ लवकर घालणे. गूळ पाणी स्वतःकडे धरून ठेवतो आणि अशा गोड पाण्यात स्टार्च फुगायला जास्त उष्णता लागते. दाणा अर्धवट असताना गूळ पडला, की पुढे कितीही शिजवले तरी तो चिवट राहतो. गूळ विरघळल्यावर लापशी एकदम सैल होते. तेव्हा घाबरून दलिया वाढवू नये, ५ मिनिटे परतल्यावर ती आळते.

दुधाच्या खिरीसाठी १ वाटी दलिया ३ वाट्या पाण्यात मऊ शिजवून मग २ ते अडीच वाट्या गरम दूध घालावे. सुरुवातीपासून नुसत्या दुधात शिजवले तर दाणा मऊ व्हायला वेळ लागतो आणि तोवर दूध तळाला धरते. गूळ घालायचा असेल तर खीर आचेवरून उतरवून थोडी निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटू शकते. आजारी माणसासाठी पातळ पेज हवी असेल, तर पाणी ६ ते ८ पट लागते.

मुगाच्या डाळीची दलिया खिचडी कुकरमध्ये सोयीची पडते. अर्धी वाटी दलिया, अर्धी वाटी डाळ आणि ४ वाट्या पाणी घेऊन मध्यम आचेवर ३ शिट्ट्या कराव्यात. दलियाला फेस फार येतो, म्हणून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर शिट्टीची वाट अडते. एक चमचा तेल घातले की फेस कमी होतो. वाफ आपोआप जिरू द्यावी.

शिजलेला दलिया निवताना घट्ट होतो. खीर आणि खिचडी म्हणूनच हव्या त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवतात, आणि पुन्हा गरम करताना दूध किंवा गरम पाणी घालून सैल करतात. कच्च्या दलियातल्या अंकुरातले तेल काही आठवड्यांत खवट होऊ लागते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात ठेवावा. कोरडा भाजून, पूर्ण गार करून ठेवला तर किडे लागण्याची भीती कमी होते, पण खवटपणा त्याने थांबत नाही. ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही, त्यांना दलियाही चालत नाही.