उपवासाच्या दिवशी ताटात काय, किती?
वजन कमी करण्याचा कार्यक्रम घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "सोमवार करू की नको? वजन वाढेल का?" उपवास जरूर करा. चरबी कमी होण्यात उपवासाची आडकाठी नाही. अडचण होते ती आपल्याकडच्या फराळाच्या ताटाची. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आजी-पणजीच्या काळापासून उगीच चालत आलेली नाही. साबुदाणा, बटाटा, दाणे आणि तूप एकाच ताटात आले, की पोट भरल्यासारखे वाटते. पण त्या ताटात कॅलरी पुष्कळ असतात आणि प्रथिने फारच थोडी. वजन उतरत असताना स्नायू टिकायला हवे असतील, तर नेमकी प्रथिनेच रोज लागतात.

आधी साबुदाण्याविषयी

साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून, म्हणजे टॅपिओकापासून बनतो. तमिळनाडूतला सेलम भाग त्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. कंद किसून धुतात, त्याचा स्टार्च खाली बसू देतात आणि त्याचे दाणे करून भाजतात किंवा वाफवतात. या धुण्यातच कंदातले बाकीचे बहुतेक सगळे निघून जाते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. तंतूही नाममात्र. म्हणून नुसता साबुदाणा खाल्ला की दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते आणि हात वेफर्सच्या पुड्याकडे जातो.

तरी साबुदाणा बंद करा असे आम्ही सांगत नाही. खिचडी हा सणाचा आणि आवडीचा भाग आहे, आणि आवडीचे बंद केलेले आहार-नियम फार दिवस टिकत नाहीत. फक्त साबुदाणा मोजायचा तो कोरडा, भिजवण्याआधी. भिजल्यावर तो फुगतो, आणि मग वाटीच्या अंदाजाला काही अर्थ राहत नाही. एका माणसासाठी कोरडा साबुदाणा ३५ ग्रॅम घ्या. स्वयंपाकघरात छोटा काटा असेल तर उत्तम. नसेल तर चार सपाट मोठे चमचे धरा.

खिचडीचा हिशेब आम्ही समोर बसून मांडतो, तेव्हा बहुतेकांना नवल वाटते. घरोघरी एका भरल्या ताटलीत साधारण ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट, एक मध्यम बटाटा, मोठा चमचाभर तूप आणि चिमूटभर साखर पडते. याच्या होतात साधारण साडेसहाशे कॅलरी. त्यातली प्रथिने जेमतेम ९ ग्रॅम, आणि तीही मुख्यतः दाण्यांतून आलेली.

आता तीच खिचडी आमच्या पद्धतीने करून पाहा. ३५ ग्रॅम साबुदाणा धुवून, दाणे जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात चार-पाच तास भिजवा. दाणा बोटांत दाबला की सहज चिरडला पाहिजे. कढईत एक लहान चमचा तूप, जिरे आणि हिरवी मिरची. बटाट्याऐवजी लाल भोपळ्याच्या बारीक फोडी परतून घ्या. उपवासाला भोपळा चालत नसेल, तर खिचडी उतरल्यावर वरून काकडी किसून घाला. मग साबुदाणा आणि २० ग्रॅम दाण्याचा कूट घाला. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवा. दाणे पारदर्शक दिसले की खिचडी झाली. ही होते सुमारे २८० कॅलरींची. कूट कमी करताना जपून करा, कारण या ताटातली प्रथिने त्यातच आहेत. कापायचे असेल तर साबुदाणा आणि तूप कापा.

साबुदाणा वडा हा वेगळा विषय आहे. तळणात तो तेल पितो, आणि एक मध्यम वडा सुमारे दीडशे कॅलरींचा होतो. एखादा खाल्ला तर बिघडत नाही, पण चार वड्यांची ताटली म्हणजे पूर्ण जेवण होते. थालीपीठ तव्यावर कमी तुपात लावा, ते वड्यापेक्षा बरे.

वरई आणि राजगिरा हे दोन्ही साबुदाण्यापेक्षा उजवे आहेत. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. काही घरांत महादेवाच्या उपवासाला वरई चालत नाही. तुमच्या घरची रीत आम्हाला सांगा, बेत तसाच बसवू.

दही हा खरा आधार

फराळात दह्याला आपण तोंडी लावणे समजतो. आमच्या ग्राहकांना आम्ही उलट सांगतो: उपवासाच्या दिवशी दही मोठ्या वाटीत घ्या आणि बाकीचे त्याच्याभोवती. गाईच्या किंवा टोन्ड दुधाचे घरी विरजलेले २०० ग्रॅम दही साधारण १२० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने देते. म्हशीच्या सायीच्या दह्यात स्निग्धांश बराच जास्त असतो. ते लागत असेल तर वाटी लहान घ्या, किंवा विरजण्याआधी दुधावरची साय काढा. अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात तीन-चार तास टांगून ठेवले की चक्का तयार होतो. त्यात साखर न घालता जिरेपूड, सैंधव आणि काकडी घातली तर पोट चांगले भरते. विकतचे श्रीखंड, आम्रखंड आणि फळांचे गोड दही मात्र फराळाला आणू नका. त्यांत साखर बरीच असते.

पनीर उपवासाला चालत असेल तर ७५ ग्रॅमचा तुकडा ठेवा. त्यात सुमारे तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि संध्याकाळची भूक ते छान धरून ठेवते.

फळे आणि सुकामेवा

फळ अख्खे आणि सोलून-चावून खा. रस काढला की चोथा जातो आणि तीन संत्री एका पेल्यात सहज पोटात जातात. पेरू आणि पपई सगळ्यांत सोयीची. एक मध्यम पेरू साधारण शंभर कॅलरींचा, पण त्यात तंतू भरपूर. उपवासात बद्धकोष्ठ होते त्यांना पेरूचा खरा उपयोग. केळे एक चालते, पण शिकरणीत साखर घालू नका. सीताफळ आणि चिकू गोड आहेत, अर्धे-एक पुरे.

सुकामेवा मूठभर हातात घेऊन खाऊ नका, मोजून वाटीत काढा. दहा बदाम म्हणजे ७० कॅलरींच्या आसपास, आणि तेवढे चांगले. काजू आणि खजुराचा डबा समोर उघडा राहिला तर दीड-दोनशे कॅलरी बोलता बोलता जातात. खिचडीत कूट असेल त्या दिवशी वेगळे भाजलेले दाणे आणि दाण्याचा लाडू दोन्ही नकोत. बटाट्याचे वेफर्स आणि केळ्याचे चिप्स शंभर ग्रॅमला पाचशे कॅलरींच्या वर जातात. पुडा "उपवासाचा" असल्याने त्यातले तेल कमी होत नाही.

एका ताईंचा सोमवार

आमच्या एका ग्राहक ताईंना दिवसाला १५०० कॅलरी आणि साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिने असे ठरवून दिले आहे. त्या सोमवारचा उपवास संध्याकाळी सोडतात. पूर्वी त्यांचा दिवस असा जायचा: दोन वेळा साखरेचा चहा (१६०), अकराला भरून खिचडी (६५०), चारला केळे आणि वेफर्सचा पुडा (३७०), आणि सात वाजता उपवास सोडताना पोळी, वरणभात, भाजी आणि शिरा (७५०). एकूण १९३०. प्रथिने अवघी पस्तीसच्या आसपास.

त्यांच्याच सवयींमध्ये बसेल असा बदल आम्ही सुचवला. चहा दोनच, साखर निम्मी (१००). साडेआठला दही, पपईची वाटी आणि दहा बदाम (२५०). साडेबाराला मोजलेली खिचडी आणि १०० ग्रॅम दह्याचे पेलाभर ताक (३४०). साडेचारला पेरू आणि पनीरचा तुकडा (३००). संध्याकाळी मुगाचे घट्ट वरण, भाजी, एक पोळी, अर्धी वाटी भात आणि छोटी वाटी दही (५००). एकूण १४९०, आणि प्रथिने ५८ ग्रॅमच्या आसपास. नैवेद्याचा शिरा त्यांनी सोडला नाही. प्रसादाचे दोन चमचे घेतात आणि त्या दिवशी भात वगळतात.

सर्वाधिक फरक पडला तो साडेचारच्या खाण्याने. पूर्वी उपवास सोडताना त्यांना कडाडून भूक लागलेली असायची आणि ताटावर ताबा राहत नसे. आता सात वाजेपर्यंत त्या शांत असतात. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असला की साडेसात-आठच्या सुमाराला अजून एक वाटी ताक घ्यायला आम्ही सांगतो.

नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणार असाल तर मात्र या एका दिवसाच्या तक्त्यावर राहू नका. नऊ दिवस प्रथिने कमी पडली तर वजनाबरोबर स्नायूही झिजतात. घटस्थापनेच्या आधी येऊन वेगळा तक्ता करून घ्या. त्यात साबुदाणा दिवसाआड आणि दही, दूध, पनीर, राजगिरा रोज असे बसवतो. या दिवसांत जड वजनांचा व्यायाम थोडा हलका करा, पण बंद करू नका.

काटा कधी पाहायचा

उपवासाच्या दुसऱ्या सकाळी वजन पाहू नका. दिवसभर कमी खाल्ले असेल तर काटा खाली दिसतो, साबुदाणा-बटाटा खूप खाल्ला असेल तर वर. स्टार्च शरीरात साठताना पाणी धरून ठेवतो, त्यामुळे किलोभर फरक सहज दिसतो आणि तो चरबीचा नसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर पाहा. चार आठवडे उपवास करूनही काटा आणि कमरेची पट्टी दोन्ही जागच्या जागी असतील, तर ताटाचा फोटो आम्हाला पाठवा. कूट आणि तुपाचे माप बहुधा वाढलेले निघते.

आधी डॉक्टरांना विचारा

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपवासाआधी डोस विचारून घ्या. घाम, थरथर, गरगरणे यांपैकी काही जाणवले तर साखर तपासा. ती ७०च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी घ्या आणि उपवास सोडा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळी, बटाटा, रताळे आणि सुकामेवा स्वतःच्या अंदाजाने खाऊ नये, त्यांत पोटॅशियम असते. सैंधवही मीठच आहे, त्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी त्याचे माप साध्या मिठाइतकेच ठेवावे. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या मातांनी, तसेच वारंवार पित्त होणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये.

उपवासाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तुमच्या घरी काय चालते आणि काय चालत नाही हे कळवलेत, तर त्या दिवसाचा बेत आम्ही रात्रीपर्यंत पाठवतो.