मोठे व्हिडिओ आमच्याकडे पाठवताना: वाय-फायची सेटिंग आणि मध्येच थांबलेला अपलोड

लग्नाचे फोनवर काढलेले व्हिडिओ संकलनासाठी गूगल ड्राइव्हवरून आमच्याकडे पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी ही माहिती आहे.

आयफोनवर 4K दर्जाचे, सेकंदाला 30 फ्रेमचे चित्रीकरण हाय एफिशिअन्सी या प्रकारात केले, तर एका मिनिटाला सुमारे 170 एमबी जागा लागते. म्हणजे सप्तपदीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ जवळजवळ 2 जीबीचा होतो. रोज दीड जीबी डेटा मिळत असेल, तर तो अपलोड पूर्ण होण्याआधीच संपतो. त्यानंतर अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने उरलेला अर्धा जीबी जाण्यास सतरा-अठरा तास लागतात. अपलोडला 5 एमबीपीएसचा वेग देणाऱ्या वाय-फायवर मात्र संपूर्ण व्हिडिओ तासाभरात पोचतो.

म्हणून पाठवण्यापूर्वी ड्राइव्ह ॲपच्या Settings मध्ये जाऊन Transfer files only over Wi-Fi हा पर्याय चालू करावा. तो चालू असताना आपण घराबाहेर पडलात आणि वाय-फाय सुटले, तर अपलोड मोबाइल डेटावर न जाता थांबून राहतो. मात्र दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट जोडल्यास आपल्या फोनला तेही वाय-फायच वाटू शकते, आणि त्या दुसऱ्या फोनचा डेटा कोणाच्या लक्षात न येता खर्च होतो.

अपलोड थांबलेला दिसला की पुष्कळ जण तो रद्द करून पुन्हा सुरू करतात. कृपया तसे करू नये. ड्राइव्ह मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी पाठवते आणि किती भाग पोचला याची नोंद सर्व्हरकडे राहते, त्यामुळे नेटवर्क परतल्यावर काम तेथूनच पुढे चालू शकते. रद्द केल्यास ही नोंद निरुपयोगी होते आणि दीड जीबी गेलेला असला तरी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. ही नोंदही कायम राहत नाही, म्हणून थांबलेला अपलोड दोन-चार दिवसांत पूर्ण करावा. या काळात मूळ व्हिडिओ कापू नये किंवा हलवू नये, कारण बदललेल्या फाइलला आधी गेलेले तुकडे जुळत नाहीत. बराच वेळ प्रगती दिसत नसेल, तर बॅटरी सेव्हर बंद करून, फोन चार्जिंगला लावून ड्राइव्ह ॲप उघडे ठेवावे. बहुतेक वेळा अडचण तेथेच असते.

अपलोड संपल्यावर ड्राइव्हमध्ये व्हिडिओ लगेच चालला नाही आणि त्यावर प्रक्रिया सुरू असल्याचा संदेश दिसला, तर तो बिघाड नव्हे. फाइल पोचलेली असते. खात्रीसाठी फोनमधील आणि ड्राइव्हमधील फाइलचा आकार ताडून पाहावा. आम्ही व्हिडिओ उघडून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून आपल्याला कळवतो. तोपर्यंत मूळ प्रत फोनमधून काढू नये, ही विनंती.