पन्नाशीतले हार्मोन आणि चाळिशीआधीचे हार्मोन

बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकात दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. म्हणून बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला साधारण ३५ ते ४० या वयात, मुलंबाळं झाल्यावर, दोन्ही अंडाशयं बीजनलिकांसकट काढायचा सल्ला मिळतो. बीआरसीए-२ असेल तर बहुधा ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, पण काही दिवसांतच अंगातून गरम वाफा निघायला लागतात आणि रात्री गाऊन घामानं भिजतो. एरवी पाळी जाताना अंडाशयांत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन काही वर्षांत हळूहळू कमी होतं, इथे ते एकदम तुटतं. डॉक्टर हार्मोन सुचवतात तेव्हा घरचे विचारतात, "त्यानं स्तनाचा कॅन्सर होतो ना?"

ही भीती मुख्यतः २००२ साली जाहीर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत दर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जणींना जास्त स्तनाचा कॅन्सर झाला. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या शरीराला बाहेरून दिलेले ते हार्मोन होते. अडतिसाव्या वर्षी अंडाशयं काढलेल्या बाईला जे मिळतं, ते तिच्या शरीरानं पन्नाशीपर्यंत स्वतःच तयार केलं असतं. तो आकडा तिला लावणं मला साफ चुकीचं वाटतं. बीआरसीए असलेल्या बायकांवरच्या आजवरच्या अभ्यासांत, ऑपरेशननंतर काही वर्षं घेतलेल्या हार्मोननं स्तनाच्या कॅन्सरचा धोका ठळकपणे वाढलेला दिसलेला नाही. उलट काहीच न घेतल्यास हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. गरम वाफा निदान जाणवतात. हाडांची झीज मात्र हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

अँजेलिना जोलीनं २०१५ साली, ३९ व्या वर्षी हे ऑपरेशन करून घेतलं. तिला बीआरसीए-१ होता, आई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली होती, आणि स्तन २०१३ मध्येच काढले होते. गर्भाशय तिनं ठेवलं, त्यामुळे इस्ट्रोजेनचा पॅच त्वचेवर लावला आणि प्रोजेस्टेरॉनचं साधन गर्भाशयात बसवलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. पिशवीही काढली असेल तर एकटं इस्ट्रोजेन पुरतं. म्हणून "पिशवी काढली" एवढंच सांगू नका. नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, ते डिस्चार्ज कार्डावर वाचून घ्या.

जिला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तिला मात्र हे हार्मोन सहसा देत नाहीत. गरम वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिनसारखी बिनहार्मोनची औषधं असतात. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर गरम वाफांवरचंच पॅरॉक्सेटिन हे औषध टाळतात, कारण त्यानं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

बाकीच्यांनी हार्मोन साधारण ५० ते ५१ पर्यंत घ्यावेत. पुढे चालू ठेवायचे असतील, तर २००२ चा तो आकडा विचारात घ्यायची वेळ तेव्हा येते.