सीटी नॉर्मल आला, मग एमआरआय कशाला?

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग आणि आसपासच्या वस्त्यांतून आमच्या स्कॅन सेंटरवर येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे माहितीपत्रक आहे. काउंटरवर बोलणं हिंदीत होतं, रिपोर्ट इंग्रजीत येतो, आणि घरातल्या ज्या आजी-आजोबांची तपासणी असते त्यांना नीट काही कळलेलं नसतं. म्हणून हे मराठीत लिहिलं.

शीर्षकातला प्रश्न आम्हाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. कधी काळजीने विचारलेला असतो, कधी रागाने. प्रश्न रास्त आहे. दोन्ही तपासण्यांना पैसे लागतात आणि दोन्ही फिल्मवर दिसतो तो एकच मेंदू. इथे आम्ही फक्त मेंदूबद्दल आणि त्यातही लकव्याबद्दल, म्हणजे मेंदूतली रक्ताची नळी फुटल्याने किंवा बंद पडल्याने येणाऱ्या झटक्याबद्दल बोलणार आहोत, कारण या दोन चित्रांमधला फरक तिथे सगळ्यात जास्त महत्त्वाचा ठरतो.

दोन यंत्रं काय मोजतात

सीटीमध्ये क्ष-किरणं डोक्याभोवती फिरत आरपार जातात. वाटेत कुठे किती किरणं अडली यावरून संगणक प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, कवटीच्या घट्ट हाडाला १००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. आकडा मोठा तितका ठिपका पांढरा. हे माप बसवणारे इंग्लंडचे गॉडफ्री हाउन्सफील्ड. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला आणि आजही आकड्यांना त्यांचंच नाव आहे.

आता लकव्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. निरोगी मेंदूचा आकडा साधारण ३० ते ४०, आणि नुकतंच सांडून गोठलेलं रक्त ६० ते ८०. म्हणजे मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर करड्या मेंदूत तो पांढराशुभ्र डाग होऊन ताबडतोब दिसतो. पण रक्ताची नळी गुठळीने बंद झाली असेल तर? त्या भागातल्या पेशी उपाशी पडतात आणि हळूहळू पाणी धरू लागतात. पाणी १ टक्क्याने वाढलं तर सीटीचा आकडा जेमतेम २ ते ३ ने उतरतो. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत गुठळीच्या लकव्याचा सीटी बहुतेक वेळा नॉर्मल दिसतो. काळपट डाग उमटायला सहा तास, कधी पूर्ण दिवसही लागतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरणं नाहीतच. मोठं चुंबक, रेडिओ लहरी आणि आपल्या शरीरातलं पाणी एवढ्यावर तो चालतो. १.५ टेस्लाच्या यंत्राचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ३०,००० पटींहून अधिक जोरदार असतं. पाण्यातले हायड्रोजनचे कण त्यात एका दिशेला वळतात, रेडिओ लहरीने त्यांना ढकललं की डोलतात, आणि पुन्हा जागेवर येताना बारीकसा संकेत देतात. त्या संकेतातून चित्र बनतं. हाडात हलतं पाणी फार कमी, म्हणून एमआरआयमध्ये कवटी काळी दिसते. सीटीत ती पांढरी असते. दोन्ही फिल्म शेजारी ठेवा, हा फरक तुम्हालाही लगेच ओळखू येईल.

फिल्म बघताना आणखी एक लक्षात ठेवा. दोन्हींत आपण रुग्णाकडे पायाच्या बाजूने पाहत असतो. त्यामुळे फिल्मच्या डाव्या हाताला दिसणारी बाजू ही रुग्णाची उजवी बाजू. घरी बसून फिल्म पाहणारी कितीतरी माणसं इथे घाबरतात की भलतीकडेच डाग आलाय.

एका काकूंची गोष्ट

नाव सांगत नाही. वय ६७, ब्लड प्रेशरची गोळी चालू. रात्री दहाला जेवून, औषध घेऊन व्यवस्थित झोपल्या. सकाळी सहाला उठल्या तर घर गरगर फिरतंय, दोन उलट्या झाल्या, आणि बाथरूमकडे जाताना सारखा उजवीकडे तोल जातोय. हातापायात ताकद होती, तोंड वाकडं नव्हतं, बोलणं स्पष्ट होतं. घरच्यांना वाटलं पित्त असेल, नाहीतर मानेचं दुखणं. सुनेने हट्ट धरला म्हणून त्या साडेआठला दवाखान्यात पोचल्या आणि तिथून आमच्याकडे सीटीला आल्या.

सीटीचं प्रत्यक्ष काम काही सेकंदांचं. रक्त कुठेच नाही, चित्र नॉर्मल. डॉक्टरांनी लगेच एमआरआय लिहिला आणि मुलाने आम्हाला तोच प्रश्न विचारला.

उत्तर असं की हा सीटी वाया गेलेला नव्हता. रक्तस्राव नाही, ही खात्री त्याने दिली होती. गुठळी विरघळवायचं औषध रक्तस्राव असताना दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून लकव्याचा संशय आला की पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याचं उत्तर सीटी सगळ्यात लवकर देतो. घाईच्या वेळी, उलट्या होत असताना, रुग्ण अस्वस्थ असताना एमआरआयसाठी वीस मिनिटं निश्चल पडून राहणं सगळ्यांना जमत नाही. सीटीला तेवढा वेळ लागत नाही.

पण काकूंची लक्षणं लहान मेंदूकडे बोट दाखवत होती. तो असतो डोक्याच्या मागच्या खालच्या भागात, कानामागच्या जाड हाडांच्या मध्ये. सीटीची किरणं त्या हाडांतून जाताना क्षीण होतात आणि चित्रावर आडव्या काळ्या रेघा उमटतात. मुळातच फिका असलेला डाग त्या रेघांत हरवतो. चक्कर आलेल्या रुग्णाच्या नॉर्मल सीटीवर आम्ही निर्धास्त होत नाही, त्याचं कारण हेच.

उलटीचं औषध दिल्यावर सव्वानऊला एमआरआय सुरू झाला. एमआरआयमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रांच्या पट्ट्या काढतात; त्यातली डिफ्यूजन नावाची एक पट्टी जेमतेम मिनिट-दोन मिनिटांची असते. पेशींमधलं पाणी किती मोकळेपणाने हलतंय हे ती दाखवते. उपाशी पेशी फुगल्या की त्यांच्यातल्या आणि आजूबाजूच्या पाण्याला हलायला जागा उरत नाही, आणि नेमका तेवढाच भाग पांढरा चमकतो. सीटीला हे कळायला पाण्याचं प्रमाण वाढावं लागतं. डिफ्यूजनला पाणी अडकलेलं पुरतं. म्हणून ती बहुतेकदा पहिल्या तासातच बोलते. काकूंच्या उजव्या लहान मेंदूच्या खालच्या भागात सुपारीएवढा पांढरा डाग स्पष्ट होता. शेजारच्या पडताळणीच्या नकाशात तोच भाग काळा होता. दोन्ही असं जुळलं की घाव ताजा आहे असं समजायचं.

मग फ्लेअर नावाची पट्टी पाहिली. तिच्यात साधारण साडेचार तासांनंतर घाव दिसू लागतो. डिफ्यूजनमध्ये आहे आणि फ्लेअरमध्ये नाही, असं असेल तर घाव बहुधा अगदी अलीकडचा. झोपेतून उठतानाच त्रास घेऊन उठलेल्या माणसाच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे, कारण घड्याळ कधी सुरू झालं हे कोणालाच ठाऊक नसतं. शेवटचं धडधाकट पाहिलं ते रात्री दहाला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. काकूंचा डाग फ्लेअरमध्येही उमटला होता, म्हणजे घाव रात्रीच केव्हातरी झालेला. डॉक्टरांनी ते इंजेक्शन दिलं नाही, दुसरे उपचार सुरू केले.

तिसऱ्या दिवशी काकूंना गुंगी येऊ लागली, डोकं दुखू लागलं. आता डॉक्टरांनी पुन्हा सीटी मागवला आणि मुलगा गोंधळला. एवढा चांगला एमआरआय असताना परत सीटी का? कारण आता प्रश्न बदलला होता. घाव कुठे आहे हे माहीत होतं. सूज किती आली आणि तिने मेंदूतल्या पाण्याची वाट दाबली का, एवढंच पाहायचं होतं. हे सीटीत काही सेकंदांत दिसतं. पहिल्या दिवशी कोरा असलेला तोच भाग आता काळपट होता, सूज होती, पण पाण्याची वाट थोडी दबूनही उघडी होती. ऑपरेशन लागलं नाही. नवव्या दिवशी काकू घरी गेल्या, अजून भिंतीला हात लावून चालतात.

एमआरआयचंही चुकतं

लहान मेंदू आणि मेंदूच्या देठातले बारीक घाव पहिल्या एक-दोन दिवसांत डिफ्यूजनलाही कधीकधी दिसत नाहीत. लक्षणं पक्की असतील तर डॉक्टर दोन दिवसांनी एमआरआय पुन्हा करायला सांगतात. त्यात काही लबाडी नाही.

उलट बाजूही आहे. ताजा अपघात, डोक्याला मार, कवटीला तडा असेल तर सीटीच करावा, एमआरआयचा आग्रह धरू नये. मात्र पडून दोन-तीन आठवडे झाले असतील तर सांगा. साचलेलं रक्त पांढऱ्याचं काळं होताना मध्ये काही दिवस नेमकं मेंदूच्याच रंगाचं होतं, आणि सीटीत मेंदू एका बाजूला सरकलाय का यावरूनच ते ओळखावं लागतं. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या आजोबांच्या बाबतीत हे नक्की सांगा, मग आम्ही त्याच नजरेने पाहतो.

येण्याआधी

सीटीत किरणोत्सार आहे. डोक्याच्या एका साध्या सीटीचा डोस सुमारे २ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढाच. गरज असताना त्याला घाबरू नका; उगीच, हौसेने करून घेऊ नका. गरोदर असाल तर आधी सांगा.

एमआरआयचं चुंबक रात्रंदिवस चालू असतं, यंत्र बंद दिसत असलं तरी आणि वीज गेली तरीही. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, श्रवणयंत्र, मोबाइल, एटीएम कार्ड हे सगळं बाहेर ठेवावं लागतं. बोटातून न निघणारी जोडवी असतील तर आधी फोन करा, आम्ही बघून सांगतो. पेसमेकर, कानात ऑपरेशनने बसवलेलं यंत्र, मेंदूतल्या नळीची क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, यांतलं काहीही असेल तर ते फॉर्मवर लिहाच. लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. ऑपरेशनचं इम्प्लांट कार्ड असेल तर सोबत आणा. गुडघ्याचे सांधे बहुतेक वेळा चालतात, पण कार्ड पाहिल्याशिवाय आम्ही आत घेत नाही. आत आवाज फार मोठा असतो, कानात बोळे देतो, हातात घंटी देतो. दाबली की लगेच थांबवतो.

आणि जुन्या फिल्म, सीडी, रिपोर्ट, जे असेल ते पिशवीत घालून आणा, दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी. जुना भरलेला घाव आणि नवा घाव एकाच डोक्यात असतील तर जुनी फिल्म शेजारी ठेवूनच आम्हाला खात्रीने सांगता येतं की यातला कालचा कोणता.