औषध सुरूच होतं, दुखणं मात्र परतलं

ऑक्सफर्डमध्ये एमआरआय यंत्रात झोपलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका दिला जात होता. कातडी भाजणार नाही, पण नकोसा होईल इतका. किती दुखतंय ते शून्य ते शंभर या मापावर सांगायचं होतं, आणि सरासरी आकडा आला ६६. मग शिरेतून रेमिफेंटॅनिल हे अफूच्या वर्गातलं जोरदार वेदनाशामक सुरू केलं, पण कुणाला कळू न देता. आकडा ५५ वर उतरला. थोड्या वेळाने त्यांना सांगण्यात आलं की आता औषध सुरू करतोय. प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं, मात्राही तीच होती. आकडा आला ३९. शेवटी सांगितलं की औषध थांबवलंय, दुखणं वाढू शकेल. औषध शिरेत जातच होतं, तरी आकडा ६४!

उलरिके बिंगेल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. हिशेब सोपा आहे. ६६ वरून ३९, म्हणजे २७ अंकांचा आराम. त्यातले ११ निव्वळ औषधाचे, उरलेले १६ ‘औषध मिळतंय’ हे कळल्याचे. आणि ‘औषध बंद झालं’ एवढ्या एका वाक्याने हा सगळा आराम जवळजवळ पुसला गेला.

यावर कुणीही म्हणेल, की माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून आकडा कमी सांगत असतील. शंका रास्त आहे. तिचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला होता. वेदनाशामक म्हणून टोचलेल्या द्रवात औषध नव्हतंच. तरीही काहींचं दुखणं कमी झालं. मग नॅलोक्सोन दिलं. मॉर्फिनसारखी औषधं मेंदूतल्या ज्या जागांवर चिकटून काम करतात, त्या जागा नॅलोक्सोन अडवतं. ज्यांना आराम पडला होता, त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. ज्यांना मुळात आराम पडलाच नव्हता, त्यांना विशेष फरक जाणवला नाही. समोरच्याचं मन राखायला सांगितलेला आकडा नॅलोक्सोनने बदलण्याचं कारण नाही. म्हणजे दुखणं थांबेल या अपेक्षेने शरीर स्वतःचीच एंडॉर्फिनसारखी वेदनाशामकं सोडत होतं. पुढे २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांना हा परिणाम थेट मज्जारज्जूत दिसला. वेदनेचा संदेश मेंदूकडे निघतो त्या टप्प्यावरच त्याचा जोर कमी झालेला होता.

ही अपेक्षा नुसत्या बोलण्यातून येत नाही. पूर्वी गुण आला असेल तर ती पक्की होते. ऑक्सफर्डच्या स्वयंसेवकांनाही आधी तसा अनुभव देण्यात आला होता: ‘औषध चालू आहे’ असं सांगायचं आणि गुपचूप चटक्याची उष्णता कमी करायची. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ म्हणत लोक एका डॉक्टरसाठी दोन तास ताटकळतात, त्यात मला तरी भाबडेपणा कमी आणि असा जुना अनुभव जास्त दिसतो.

इथवर वाचून सगळे आजार मनाच्या जोरावर पळवता येतील असं वाटत असेल, तर बॉस्टनमधला दम्याचा अभ्यास बघा. तोही २०११ चाच. त्याच रुग्णांना वेगवेगळ्या भेटींत आळीपाळीने अल्ब्युटेरॉलचा, म्हणजे आपल्याकडच्या साल्ब्युटामॉलचा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही, असं दिलं गेलं. किती बरं वाटलं असं विचारल्यावर खऱ्या पंपानंतर सुमारे ५० टक्के सुधारणा त्यांनी सांगितली, तर खोट्या पंपानंतर ४५. फरक नगण्य. काहीच न देता सांगितलेली सुधारणा होती २१ टक्के, कारण बरीच दुखणी थोड्या वेळाने आपोआपही उतरतात. खोट्या उपचाराचं श्रेय मोजताना हा भाग वजा करावा लागतो. अशी ‘काहीच नाही’ची तुलना नसेल, तर कुठल्याही गोळीची महती फुगते.

पण रुग्ण एका सेकंदात किती हवा बाहेर टाकू शकतो हे यंत्रावर मोजलं, तेव्हा चित्र पालटलं. खऱ्या पंपाने ही क्षमता २० टक्क्यांनी वाढली. खोटा पंप आणि काहीच न देणं, दोन्हींत वाढ सारखीच, सुमारे ७ टक्के. धाप लागल्याची जाणीव अपेक्षेने हलकी केली होती, आवळलेल्या श्वासनलिका मात्र सैल झाल्या नव्हत्या.

वेदना, मळमळ, थकवा, घालमेल यांची जाणीव मेंदूत घडते, म्हणून तिथे अपेक्षेला वाव असतो. जंतूंचा संसर्ग किंवा गाठ तिने हटत नाही. दम्यात तर धोकाच आहे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पंप बंद करणाऱ्याच्या श्वासनलिका तेव्हाही आवळलेल्या असू शकतात, आणि ते फुंकून मोजल्याशिवाय ना त्याला कळतं, ना डॉक्टरांना.